कर्नाटक हे ‘राज्य’ आहे का? राज्य, राष्ट्र, शासन आणि सार्वभौमत्व यांच्या व्याख्या न गोंधळता कशा लिहाव्यात

चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. प्रश्न अगदी नेहमीचा: ‘राज्य म्हणजे काय? राज्य आणि शासन यांतील फरक स्पष्ट करा.’ खानापूरकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं:

‘राज्य म्हणजे सरकार. राज्याचे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन व सार्वभौमत्व असे चार घटक असतात. उदा. कर्नाटक राज्य. राज्याचे प्रमुख मुख्यमंत्री असतात. सरकार बदलले की राज्य बदलते.’

पाच वाक्यं, त्यातलं बरोबर फक्त दुसरं. आणि हे दुसरं वाक्यच पहिल्याला खोटं पाडतंय. शासन हा राज्याच्या चार घटकांपैकी एक असेल, तर राज्य म्हणजेच सरकार कसं होईल? चाकालाच गाडी म्हटल्यासारखं झालं. पोरगी अभ्यासू आहे, चारही घटक क्रमानं पाठ आहेत. पाठ असून चुकतं, म्हणजे घोटाळा शब्दांतच आहे. सीमाभागातल्या आपल्या मुलांचा तर जरा जास्तच, कारण दहावीपर्यंत मराठीतून शिकायचं आणि पीयूसीला कन्नड नाहीतर इंग्लिश माध्यमात जाऊन तेच शब्द नव्या वेषात भेटायचे.

या लेखात तिचंच उत्तर हाताशी धरून एकेक पायरी घेतो, आणि शेवटी ते उत्तर दुरुस्त करून लिहितो.

पहिली पायरी: प्रश्नातलं ‘राज्य’ कुठलं ते आधी ठरवा

मराठीत ‘राज्य’ हा एकच शब्द दोन कामं करतो. भारत, नेपाळ, जपान, फ्रान्स ही राज्यशास्त्राच्या भाषेत राज्यं. आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा ही रोजच्या बोलण्यातली राज्यं. कन्नडमध्येही दोन्हीला ‘राज्य’च म्हणतात आणि इंग्लिशमध्येही ‘स्टेट’च, म्हणजे माध्यम बदलून सुटका नाही. राज्यघटनेचं पहिलंच कलम ‘भारत हा राज्यांचा संघ असेल’ असं सांगतं. तिथं ‘राज्यांचा’ हा शब्द दुसऱ्या अर्थानं आलाय.

मराठीत यावर एक सोय आहे, आपली मुलं ती वापरतच नाहीत: ‘घटकराज्य’. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा यांच्याबद्दल लिहायचं असेल तेव्हा घटकराज्य लिहा. व्याख्येतल्या संकल्पनेबद्दल लिहायचं असेल तेव्हा राज्य, किंवा काही पुस्तकांत असतं तसं राज्यसंस्था. निम्मा गोंधळ इथंच मिटतो.

कुठलं राज्य हे ओळखायचं कसं? प्रश्नात ‘घटक’, ‘व्याख्या’, ‘फरक’, ‘उदय’ असले शब्द असतील तर संकल्पनेतलं राज्य. ‘राज्यपाल’, ‘राज्यसूची’, ‘केंद्र-राज्य संबंध’ असेल तर घटकराज्य. ‘राज्याचे घटक सांगा’ या प्रश्नात कर्नाटकचं उदाहरण टाकलं की तपासणाऱ्याला कळतं, हिनं चार शब्द पाठ केलेत पण लावून पाहिलेले नाहीत.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मग कर्नाटक राज्य न्हवं म्हणता काय सर?” हसू झालं, पण प्रश्न नेमका होता. उत्तर तिसऱ्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: ही वस्तू कुठल्या जातीची ते विचारा

व्याख्या लिहिताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आधी जात, म्हणजे ही कशातली वस्तू आहे. मग तिचं वेगळेपण. ‘कुंदा म्हणजे खव्याची मिठाई’ म्हटलं की मिठाई ही जात झाली. पेढ्यापासून कुंदा वेगळा कसा, ते सांगितलं की वेगळेपण. बेळगावच्या माणसाला हे जास्त समजवायला नको.

आता आपले चार शब्द घ्या. शासन ही यंत्रणा आहे: कायदे करणारी, अंमलात आणणारी आणि न्याय देणारी माणसं आणि त्यांची पदं. सार्वभौमत्व ही वस्तू नाही, यंत्रणा नाही आणि लोकही नाहीत. तो एक अधिकार आहे, राज्याचा गुण आहे. हे दोन सोपे.

अवघड जातं ते राज्य आणि राष्ट्र, कारण दोन्हींची जात एकच आहे: लोकसमूह. पाठ्यपुस्तकांत हमखास असणारी गार्नरची व्याख्या सुटी करून बघा. कमी-अधिक संख्येचा लोकसमूह; तो ठरावीक भूप्रदेशावर कायमचा राहतो; बाहेरच्या नियंत्रणापासून स्वतंत्र किंवा जवळपास स्वतंत्र आहे; आणि त्याचं एक संघटित शासन आहे, ज्याची आज्ञा बहुतेक रहिवासी सवयीनं पाळतात. चारही घटक यात आहेत, पण सुरुवात ‘लोकसमूह’ या शब्दानं होते. मुलं तेवढाच शब्द धरतात आणि राष्ट्राच्या व्याख्येतही लोकसमूहच दिसला की दोन्ही एकच ठरवून टाकतात.

म्हणून इथं दुसरा प्रश्न विचारायचा: या लोकांना बांधलंय कशानं? राज्याच्या लोकांना बांधलेलं असतं कायद्यानं. एका हद्दीत राहायचं, एका शासनाचं ऐकायचं. मनात असो वा नसो, कर भरावाच लागतो. राष्ट्राच्या लोकांना बांधलेलं असतं भावनेनं: आपण एक आहोत, आपला भूतकाळ एक आहे आणि पुढंही एकत्रच राहायचंय. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ यानं 1882 मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात राष्ट्राला रोज घेतलं जाणारं सार्वमत म्हटलं होतं, ते याच अर्थानं. कराची नोटीस राज्याकडून येते. एकत्वाच्या भावनेची नोटीस निघत नाही.

तिसरी पायरी: चार घटक पाठ म्हणू नका, लावून बघा

इथं थोडं रेंगाळूया, कारण मार्क इथंच जातात आणि इथंच परतही मिळतात. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. कन्नड माध्यमाच्या मुलांनी शेवटच्याला परमाधिकार म्हणायचं. उदाहरणं लांबची नकोत, आपल्या आसपासचीच तीन घेऊ.

आधी रामदुर्ग. आज तो बेळगाव जिल्ह्यातला एक तालुका आहे, पण 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते संस्थान होतं. लोक होते, हद्द होती, राजा आणि त्याचा कारभार होता. म्हणजे तीन घटकांवर बरोबरची खूण करा. सार्वभौमत्व? संस्थानाचं संरक्षण आणि बाहेरच्या सत्तांशी व्यवहार ब्रिटिशांच्या हातात होता आणि ब्रिटिश सत्तेचं वर्चस्व संस्थानिकानं मान्य केलेलं होतं. चौथी खूण पडत नाही. राजा होता, दरबार होता, तरी राज्यशास्त्राच्या कसोटीवर ते पूर्ण राज्य ठरत नाही. इथंच मुलं अडखळतात, कारण मराठी कानाला ‘राजा आहे म्हणजे राज्य आहे’ असंच वाटतं.

दुसरं गोवा. चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. 19 डिसेंबर 1961 पर्यंत तिथं पोर्तुगीजांची सत्ता होती. लोक, हद्द आणि गव्हर्नर जनरलच्या हाताखालचं शासन, तिन्ही होतं. सर्वोच्च अधिकार होता लिस्बनमध्ये. तेव्हा गोवा हे राज्य नव्हतं, वसाहत होती. 1961 नंतर गोव्याला स्वतःचं वेगळं सार्वभौमत्व मिळालं का? नाही, तो भारताचा भाग झाला. आधी केंद्रशासित प्रदेश आणि 30 मे 1987 पासून घटकराज्य. वसाहत, केंद्रशासित प्रदेश आणि घटकराज्य असे तीन दर्जे एकाच भूमीनं बघितले, पण या अर्थानं ‘राज्य’ ती एकदाही नव्हती. हे एक उदाहरण नीट लिहिता आलं तरी पाच मार्कांचा प्रश्न सुटतो.

आता मागच्या बाकावरचा प्रश्न, कर्नाटक. लोकसंख्या आहे. भूप्रदेश आहे, फक्त ‘ठरावीक’ या शब्दाशी जरा थांबा. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबईतच राहिला. पुढं 1973 मध्ये म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. ही हद्द आखली संसदेच्या कायद्यानं. कलम 3 प्रमाणं संसद घटकराज्यांच्या सीमा आणि नावंही बदलू शकते. विधेयक त्या घटकराज्याच्या विधिमंडळाकडं मतासाठी पाठवावं लागतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. ज्याची हद्द दुसरं कोणी बदलू शकतं, त्याचा अधिकार सर्वोच्च म्हणता येईल का?

शासन आहेच. मुख्यमंत्री, विधानसभा आणि हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावात बांधलेली सुवर्ण विधानसौध. पण सार्वभौमत्व नाही. यासाठी मी मुलांना कॅम्पात नेऊन उभं करतो. खरंच नेतो असं नाही, नुसतं आठवायला सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, म्हणजे कर्नाटकच्या जमिनीवर. तिथल्या जवानांना मुख्यमंत्री आदेश देऊ शकतात का? नाही. संरक्षण हा विषय केंद्राचा आहे. कर्नाटक दुसऱ्या देशाशी तह करू शकत नाही, युद्ध पुकारू शकत नाही, पासपोर्ट देऊ शकत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडं गेलं की गाड्यांच्या पाट्या केए-23 च्या एमएच-09 होतात, पण कोणी व्हिसा विचारत नाही, कारण दोन्ही बाजूंना राज्य एकच आहे: भारत.

तेव्हा मागच्या बाकाला उत्तर असं: कर्नाटक हे घटकराज्य आहे, सार्वभौमत्व नसल्यामुळं राज्यशास्त्राच्या अर्थानं राज्य नाही. पेपरात हे वाक्य असंच लिहा. ‘कर्नाटकला थोडं सार्वभौमत्व आहे’ असं लिहू नका. घटनेनं दिलेल्या विषयांत घटकराज्य स्वतःच्या हक्कानं कायदे करतं, ही अधिकारांची वाटणी झाली. ती संघराज्याच्या प्रकरणात येते.

याच ओघात एक चूक सांगून टाकतो, ती आपल्याच भागात जास्त दिसते. सीमाप्रश्नावर लिहिताना मुलं ‘दोन राज्यांच्या सार्वभौमत्वाचा वाद’ असा शब्दप्रयोग करतात. वाद एका सार्वभौम राज्याच्या आतला आहे; बेळगाव कुठल्या घटकराज्यात असावं हा तो प्रश्न. म्हणूनच महाराष्ट्र 2004 मध्ये कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. घटकराज्यांमधला वाद थेट तिथं नेण्याची सोय त्या कलमात आहे. घरी-दारी या विषयावर जे मत असेल ते असू द्या, व्याख्येच्या उत्तरात शब्द चुकवू नका.

चौथी पायरी: शासन बाजूला काढून बघा, राज्य उरतं का

राज्य आणि शासन यांतला फरक मुलं तक्त्यात लिहितात: राज्य कायम, शासन तात्पुरतं, राज्य अमूर्त, शासन मूर्त, राज्यात सगळे लोक येतात, शासनात थोडेच. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण उदाहरण नसलं की कोरडे राहतात.

उदाहरण 1999 चं घ्या. 17 एप्रिलला लोकसभेत वाजपेयी सरकार एका मतानं पडलं. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली, निवडणुका शरदात झाल्या. मधल्या काळात तेच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून राहिलं आणि याच काळात, मे ते जुलैमध्ये, कारगिलचं युद्ध झालं. सरकार हरलेलं, लोकसभा नाही, तरी भारत हे राज्य लढलं. सैनिकाची निष्ठा राज्याशी असते, एका मंत्रिमंडळाशी नसते. आधीच्या सरकारांनी केलेले तह चालूच राहिले, कर्जं चालूच राहिली, आपलं नागरिकत्वही तसंच राहिलं. ‘सरकार बदलले की राज्य बदलते’ हे त्या मुलीचं वाक्य इथं पडतं.

एक पाय मात्र जपून टाका. यावरून ‘शासन नसलं तरी राज्य असतं’ असं लिहू नका. 1999 मध्येही काळजीवाहू शासन होतंच. विशिष्ट शासन जातं, शासन हा घटक जात नाही. मग तो खरोखरच गेला तर? सोमालियात 1991 मध्ये केंद्रीय सत्ता कोसळली आणि पुढं बरीच वर्षं संपूर्ण देशावर चालेल असं शासन उभं राहिलं नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांचं त्याचं सदस्यत्व टिकलं, जगानं त्याला राज्यच मानलं. चार घटकांची कसोटी नवीन राज्य ओळखायला चांगली चालते. मोडकळीला आलेल्या जुन्या राज्यापुढं ती थोडी लंगडते. बी.ए.च्या पेपरात हा मुद्दा लिहा. पीयूसीला गरज नाही.

पाचवी पायरी: राष्ट्राला नकाशावर शोधू नका

मराठीतला ‘राष्ट्र’ हा शब्दही सरळ नाही. महाराष्ट्र या नावात तो आहे, राष्ट्रपती या पदात आहे, राष्ट्रीय महामार्गात आहे, राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. यातल्या बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ देश किंवा केंद्र असाच निघतो. राष्ट्रपती हे राज्यप्रमुख आहेत. व्याख्येच्या भाषेत बोलायचं तर राज्याचे प्रमुख, राष्ट्राचे नव्हेत. पासपोर्टवर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ लिहिलेलं असतं, तिथं अर्थ नागरिकत्व असतो. म्हणून राष्ट्राची व्याख्या लिहिताना असली नावं डोक्यातून काढा आणि पोलंड आठवा.

1795 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची तिसरी आणि शेवटची वाटणी केली. पोलंड नकाशावरून गेला. शासन गेलं, हद्द गेली, सार्वभौमत्व गेलं, राज्य संपलं. पण पोलिश माणसं तीन वेगवेगळ्या राजवटींत राहूनही स्वतःला पोलिशच म्हणत राहिली, आपली भाषा आणि आपला इतिहास धरून राहिली. 1918 मध्ये पोलंड हे राज्य पुन्हा उभं राहिलं. मधली 123 वर्षं राज्य नव्हतं, राष्ट्र होतं. राष्ट्राला सार्वभौमत्व लागत नाही, राज्याला लागतं. हा फरक सांगायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

उलटं उदाहरणही असतं. ब्रिटन हे एक राज्य, पण स्कॉटिश लोक स्वतःला वेगळं राष्ट्र मानतात, आणि 2014 मध्ये वेगळं राज्य हवं का यावर त्यांनी मतदान केलं. बहुमत नको या बाजूनं पडलं. म्हणून स्कॉटलंड राष्ट्र आहे असं म्हणता येतं, पण राज्य म्हणता येत नाही.

“मग मराठी बोलणारे आपण राष्ट्र काय?” हा प्रश्न दरवर्षी येतो. भाषा एक असणं राष्ट्र घडायला मदत करतं, पण तेवढ्यानं राष्ट्र होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा असून लोक स्वतःला एक राष्ट्र मानतात. आपली एकत्र राजकीय जीवन जगायची इच्छा भारत या चौकटीतली आहे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू अशा भाषा त्याच्या आत नांदतात. उत्तरात ‘भाषिक समूह’ हा शब्द वापरा, भांडण होत नाही आणि मार्कही मिळतात.

जाता जाता संयुक्त राष्ट्रांचं नाव. नावात राष्ट्रे, पण सनदेनुसार सदस्य होतात ती राज्यं. वर सदस्यत्व म्हणजे सार्वभौमत्वाची पावती असंही समजू नका: भारत 1945 मध्ये संस्थापक सदस्य होता, तेव्हा इथं ब्रिटिशांची सत्ता होती.

सहावी पायरी: सार्वभौमत्व आतून आणि बाहेरून

सार्वभौमत्व म्हणजे सर्वोच्च अधिकार एवढंच लिहून मुलं थांबतात. दोन बाजू लिहा. आतली बाजू: हद्दीतल्या सर्व व्यक्ती आणि संस्थांवर राज्याचा अधिकार चालतो, त्याच्यावर आत कोणी नसतं. बाहेरची बाजू: दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या आज्ञेत ते नसतं. रामदुर्गकडं आतला अधिकार बराचसा होता, बाहेरचा नव्हता. या एका ओळीत दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती 1576 मध्ये फ्रान्सच्या जाँ बोदँ यानं. पुढं इंग्लंडच्या ऑस्टिननं ती कायद्याच्या भाषेत घट्ट बसवली: समाजातले बहुतेक जण ज्या निश्चित वरिष्ठाची आज्ञा सवयीनं पाळतात आणि जो स्वतः कोणाची आज्ञा पाळत नाही, तो सार्वभौम. ऑस्टिन लिहिलात तर त्याची अडचणही लिहा, कारण भारतात असा ‘निश्चित वरिष्ठ’ दाखवता येत नाही. संसद? तिला घटनेच्या चौकटीत राहावं लागतं. घटनेचा मूलभूत ढाचा ती बदलू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात सांगितलं. पंतप्रधान? ते संसदेला जबाबदार. उद्देशिकेत ‘आम्ही भारताचे लोक’ अशी सुरुवात आहे, म्हणून अंतिम सत्ता लोकांची असं आपण लिहितो. पण लोक म्हणजे ऑस्टिनला हवी तशी बोट दाखवता येणारी एक व्यक्ती किंवा एक मंडळ नव्हे. ‘सरकार सार्वभौम असतं’ हे वाक्य मात्र कुठल्याच उत्तरात नको. सार्वभौमत्व राज्याचं असतं. शासन ते वापरतं, मालक नसतं.

आता ते उत्तर

सुरुवातीच्या उत्तराकडं परत येऊ. मुलीला समोर बसवून पाच वाक्यं एकेक करून बघितली. ‘राज्य म्हणजे सरकार’ ही जातीची चूक: लोकसमूहाला यंत्रणा म्हटलं. कर्नाटकचं उदाहरण ही पहिल्या पायरीची चूक. मुख्यमंत्र्यांबद्दलच्या वाक्यात दोन चुका आहेत: एकतर घटकराज्याबद्दल लिहिलं आणि दुसरं म्हणजे मुख्यमंत्री शासनाचे प्रमुख असतात, घटकराज्याचे घटनात्मक प्रमुख राज्यपाल. शेवटचं वाक्य कारगिलनं पडलं. मग तिनं तिथंच बसून पुन्हा लिहिलं, दोन ठिकाणी मी पेन्सिल लावली:

‘ठरावीक भूप्रदेशावर कायम राहणारा, स्वतःचे संघटित शासन असलेला आणि बाहेरच्या नियंत्रणापासून स्वतंत्र असा लोकसमूह म्हणजे राज्य. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन व सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक आहेत. उदा. भारत. शासन ही राज्याची इच्छा अंमलात आणणारी यंत्रणा असून ती राज्याचा एक घटक आहे. राज्यात सर्व नागरिक येतात, शासनात मोजक्या व्यक्ती असतात. शासन बदलते, राज्य टिकते: 1999 मध्ये केंद्र सरकार पडले, तरी भारत हे राज्य, त्याचे करार व नागरिकांचे नागरिकत्व कायम राहिले. सार्वभौमत्व राज्याचे असते, शासन ते राज्याच्या वतीने वापरते. कर्नाटक हे घटकराज्य आहे. त्याला शासन आहे, पण सार्वभौमत्व नाही.’

शब्द पूर्वीपेक्षा बरेच वाढले. शेवटची ओळ तिनं स्वतःहून घातली. प्रश्नात ती मागितलेली नव्हती, पण मी खोडली नाही.

एक गोष्ट तिला मुद्दाम वेगळी सांगितली, कारण पुढं राज्यघटनेच्या पेपरात ती हमखास आडवी येते. मूलभूत हक्कांच्या भागात कलम 12 आहे आणि तिथं घटनेनं ‘राज्य’ या शब्दाला फक्त त्या भागापुरता स्वतःचा अर्थ दिलाय. त्यात केंद्र सरकार आणि संसद येतात, घटकराज्यांची सरकारं आणि विधिमंडळं येतात, आणि स्थानिक संस्थाही. म्हणजे त्या कलमापुरतं बेळगाव महानगरपालिकाही ‘राज्य’, आणि तिच्या गावची ग्रामपंचायतही. हक्क तुडवला गेला तर कोणाविरुद्ध दाद मागायची, ते ठरवण्यासाठी केलेली ती यादी आहे. तिथं सार्वभौमत्वाची अट नाही. प्रश्नात ‘कलम 12’ किंवा ‘मूलभूत हक्क’ दिसलं तर चार घटक लिहू नका, ही यादी लिहा.

तिनं वहीत समासात लिहून घेतलं: ‘ग्रा.पं. = राज्य (फक्त क. 12)’. आणि विचारलं, “सर, मग आमचे पंचायतीचे अध्यक्ष राज्यप्रमुख न्हवं ना?”